पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला सापळा

मी आयुष्यभर सरकारी पगारावर डास पकडले. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, पकडून काय करायचात? मोजायचो. कुठल्या जातीचे, किती, नर की मादी, पोटात रक्त आहे की नाही. पदाचं नाव कीटक-संग्राहक. रायपूरला बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत मात्र मी 'मच्छरवाले भैया' आणि आता निवृत्त झाल्यावरही तोच.

या कामात माझी एक ख्याती होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. पूर्वी आम्ही गावोगावी जोडीने बसायचो. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळायची, उघड्या पायांवर डास बसला की तो चावायच्या आत तोंडाने ओढायच्या नळीत खेचून घ्यायचा. माझ्यासोबत जो कोणी बसेल त्याच्या वाट्याला थोडे यायचे, माझ्या वाट्याला ढीगभर. जोडीदार म्हणायचे, तुमच्याजवळ बसलं की आपली ड्यूटी हलकी. आमच्या साहेबांनी एकदा समजावून सांगितलं होतं की प्रत्येकाच्या कातडीवरचं तेल आणि त्यावर जगणारे जंतू वेगळे, त्यातून सुटणारा वास वेगळा आणि काहींचा वास मादीला फार आवडतो. बायको जिवंत असताना म्हणायची, चला, कोणाला तरी आवडता तुम्ही.

ती गेली त्याला चार वर्षं झाली. म्हणून मुलीच्या पहिल्या बाळंतपणाचा प्रश्न आला तेव्हा मी गांगरलो. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे विचारायची गोष्ट नाही. पण माहेर म्हणजे आई असते. इथे दोन खोल्यांत एकटा मी आणि माझ्या काचेच्या नळ्या. माझी थोरली बहीण समता कॉलोनीत तिसऱ्या मजल्यावर राहते. ती म्हणाली, "पोरीले माह्याकडे पाठव. तुले वरण जमत नाही अन् बाळंतपण करतो म्हणते." मला राग आला. मुलीलाही विचारलं नाही, सांगून टाकलं की पोरगी इथेच, तिच्या माहेरी येईल.

ती आली तेव्हा आठवा महिना लागला होता. पावसाळा सरला होता, उकाडा होता आणि गल्लीत डेंग्यू होता. आमच्या घराला लागून राहणारे गृहस्थ, रेल्वेतून रिटायर झालेले, ती यायच्या आठवडाभर आधी तापाने दवाखान्यात गेले होते. लोक बूढातलावाकडे बोट दाखवायचे. त्यावरून मी कितीतरी लोकांशी भांडलोय. तो पट्टेरी पायांचा डास तलावात नाही वाढत बाबांनो, तुमच्या कूलरमध्ये वाढतो, गच्चीवरच्या टाकीत, तुळशीखालच्या ताटलीत. लोक म्हणतात, हव भैया, आणि कूलर तसाच ठेवतात.

मी सगळं केलं. कूलर रिकामा करून घासला, ड्रमना फडकी बांधली, खिडक्यांना जाळी ठोकली. पलंगावर मच्छरदाणी लावली आणि मुलीला सांगितलं की दिवसासुद्धा आतच झोपायचं, कारण हा डास दिवसाचा आहे. ती हसली. तिचं मराठी आता अर्धं राहिलंय.

"बाबा, मैं कैदी हूँ क्या?"

"दोन महिने समज कैदी."

ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं, कारण मला माहीत होतं ते तिला माहीत नव्हतं. डास आपल्याला शोधतो तो आधी श्वासावरून. आपण सोडलेली हवा वाऱ्यासोबत वाहत जाते. बऱ्याच अंतरावर बसलेल्या मादीला तिची चाहूल लागते आणि ती उठते, त्या धाग्याला धरून उलट दिशेने येते. जवळ आली की गडद कपडा तिच्या नजरेत भरतो, मग कातडीचा वास येतो. अगदी जवळ, वीतभर अंतरावर आली की अंगाची ऊब आणि ओलावा तिला कुठे टेकायचं ते दाखवतात. पोटुशी बाई श्वास जास्त सोडते, तिच्या पोटाची कातडी किंचित उबदार असते. म्हणजे खोलीत चारजणी बसल्या तर डास आधी तिच्याकडे येणार. आणि या दिवसांत डेंग्यू झाला तर प्रसूतीच्या वेळी रक्त थांबत नाही, बाळालाही ताप लागू शकतो. समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाईंनी तेवढंच सांगितलं होतं, मच्छरदाणी लावा, पाणी साठू देऊ नका, ताप आला तर लगेच या. इतकं पुरेसं होतं. शहाण्या माणसाने तिथेच थांबायचं.

पण आमच्या धंद्याला एक वाईट खोड आहे. आम्हाला एखादं घर स्वच्छ दिसलं तरी पटत नाही. सापळा लावायचा, सकाळी पिशवी उघडायची आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा. एकही सापडला नाही तर रकाना कोरा सोडायचा नाही, शून्य लिहायचं. मला त्या खोलीचं शून्य बघायचं होतं.

सापळा घरीच बनवला. कॉम्प्युटरचा जुना पंखा प्लास्टिकच्या नळकांड्यात बसवला, खाली जाळीची पिशवी, तो भिंतीच्या प्लगवर चालायचा. शेजारी दोन लिटरची बाटली, तिच्यात कोमट पाणी, साखर आणि पाव फुगवायचं यीस्ट. यीस्ट साखर खातं आणि आपल्या श्वासात असतो तोच वायू सोडतं, तो बारीक पाईपने पंख्याच्या तोंडाशी आणला. बाटली म्हणजे खोटं माणूस, श्वास सोडणारं. त्याला वास पाहिजे म्हणून दोन दिवस घातलेले माझे मोजे वर लटकवले.

मुलगी नाक धरून म्हणाली, "बाबा, इसके बाद मच्छर नाही, मीच मरते."

तो टांगला कुठे, तर पलंगाच्या पायथ्याशी. विचारसुद्धा केला नाही. खेड्यांमध्ये आम्ही असंच करायचो. मच्छरदाणीत माणूस झोपलेला, पायाकडे सापळा. डास माणसाच्या मागावर येतात, दाणीमुळे आत जाता येत नाही, घिरट्या घालता घालता पंख्यात ओढले जातात. माणसाला काही होत नाही. शेकडो वेळा केलेलं काम, हात आपोआप तिथेच गेले. घरात इतरत्र असतील तेही यावेत म्हणून मी खोलीचं दार उघडं ठेवलं. आपण पोरीला आमिष म्हणून ठेवतोय हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तर हात मोडून घेतला असता.

पहिल्या दिवशी पिशवीत तीन निघाले, दुसऱ्या दिवशी एक. मी खुश होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी बाटली नव्याने भरली, मुलीला दाणीत झोपवलं आणि तिच्या लोहाच्या गोळ्या आणायला समता कॉलोनीत गेलो. तिथे बहिणीकडे चहाला थांबलो. खरं सांगायचं तर सापळ्याची फुशारकी मारायला थांबलो.

परत आलो तर गल्लीतली लाईट गेलेली. बाहेर ओट्यावर बसलेली शेजारीण म्हणाली, घंटाभर झाला. मला तेव्हाही काही सुचलं नाही. दार उघडून आत गेलो तेव्हा सुचलं.

छताचा पंखा बंद होता. दाणीत गुदमरलं म्हणून मुलगी बाहेर येऊन खाली चटईवर झोपली होती, पलंगाच्या पायथ्याशी, कारण खिडकीची थोडी झुळूक तिथेच यायची. पाय उघडे, घामाने ओले. सापळ्याचा पंखाही बंद. पण बाटलीला लाईट लागत नाही. ती बुडबुड करत होती, पाईपमधून श्वास सोडत होती, वर माझे मोजे लटकत होते. घरभरातल्या डासांना मी हाक मारली होती आणि पकडायचा हात काढून घेतला होता. ते बिचारे बाटलीच्या वासावर आले आणि तिथे नुसतं प्लास्टिक बघून शेजारच्या उबेकडे वळले.

तिच्या घोट्यांवर ते बसलेले होते. पायांना पांढरे पट्टे. मला दिव्याची गरज नव्हती, ती जात मी झोपेतही ओळखतो.

मारायला गेलो असतो तर उडून दुसरीकडे बसले असते. मी चपला काढल्या, नळी घेतली आणि गुडघ्यांवर बसून एकेक ओढायला लागलो. तिला जाग येऊ नये म्हणून श्वास रोखत होतो, पण तोंडाने ओढायचं म्हटल्यावर श्वास तर सोडावाच लागतो. सात पकडले. मधे माझ्याही घोट्याला दोनदा टोचलं. दोन्ही हात गुंतलेले होते, मी हलवले नाहीत.

नळी खिडकीशी धरली. सातांपैकी पाचांची पोटं टम्म आणि लाल. ते माझ्या मुलीचं रक्त होतं. इतकी वर्षं मी रजिस्टरमध्ये 'पोट भरलेले' असा शब्द लिहीत आलो, त्या दिवशी तो कुठेच लिहिला नाही.

मग मी हिशेब मांडला, तो नको होता तरी. शेजारच्या गृहस्थांना ताप चढून बारा दिवस झाले होते. त्या दिवसांत त्यांना चावलेल्या डासाच्या अंगात विषाणू वाढून सोंडेपर्यंत पोचायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे तो डास, असलाच, तर आता तयार होता. माणसाला चावल्यावर ताप यायला चार ते दहा दिवस, क्वचित चौदा.

मुलगी उठली, खाजवत म्हणाली, "लाईट कब गई?"

"आत्ताच," मी म्हणालो.

हे खोटं मी का बोललो ते मला सांगता येईल, पण ते ऐकण्यासारखं नाही. बहिणीसमोर मिरवलेलं होतं. तिने मुलीला आधीच मागितलं होतं आणि मी दिली नव्हती. मी बाटली मोरीत ओतली, सापळा माळ्यावर टाकला, सात डास नळीतच ठेवले. तपासायला द्यावेत तर कुठे द्यायचे, आणि उत्तर येईपर्यंत जे व्हायचं ते झालंच असतं. ते दोन दिवसांत मेले.

त्यानंतर सकाळ-संध्याकाळ तिचा ताप मोजायला लागलो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात आकडा लिहायचो. तिने विचारलं तर म्हणायचो, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. ती जरा जास्त झोपली की मी दारात उभा. डोकं दुखतं म्हणाली की मी पुन्हा थर्मामीटर घेऊन हजर. एकदा रात्रीच्या वरणात मीठ दोनदा पडलं, ती काही न बोलता जेवली आणि मला वाटलं, हिची चव गेली. मी इतका घाबरलो की बहिणीला फोन लावायला घेतला आणि लावला नाही.

चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी सकाळी तिचा आकडा लिहिताना कॅलेंडर हलायला लागलं. हललेलं कॅलेंडर नव्हतं, मी होतो. डोळ्यांच्या मागे दुखत होतं, कंबर धरलेली. तिच्याच थर्मामीटरने मोजलं. एकशे तीन.

मला क्षणभर आनंद झाला हे कबूल करतो. तिच्याऐवजी मला, असा वेडा विचार आला. मग तो आनंद फुटला. मी बाहेर फारसा जातच नव्हतो. मला चावलं ते त्या चटईपाशी. त्या खोलीत आलेल्या डासांपैकी निदान एक तरी विषाणू घेऊन आलेला होता, हे आता अंदाजाने बोलायचं काम राहिलं नव्हतं. मला चावले दोन. तिला किती चावले ते मोजायला मी तिथे नव्हतो, पाच तर मी पोटं भरलेले पाहिले होते.

आणि दुसरी गोष्ट. तापाच्या या दिवसांत ज्या डासाने मला चावलं तो माझं दुखणं घेऊन जाणार. ज्या माणसावर डास सगळ्यात जास्त बसतात, तोच या घरात आजारी. आता लपवणं म्हणजे गुन्हा झाला असता.

मी तिला दारातूनच सांगितलं. जवळ जायची हिंमत नव्हती. लाईट तासभर गेली होती, बाटली चालू होती, मी खोटं बोललो, डास नळीत होते, सगळं. ती पलंगावर बसून ऐकत होती, एक हात पोटावर.

"म्हणून तुम्ही माझा ताप मोजून राहिले होते?"

"हो."

"पाच दिवस झाले बाबा. पाच दिवस एकट्याने काहून घाबरत राहिले? मला सांगायला पाहिजे होतं. माझंच बाळ आहे."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. मग ती उठली, आपली दाणी नीट खोचली आणि म्हणाली, "तुम्ही या दाणीत झोपा. मी आत्याला फोन लावते."

बहीण ऑटो घेऊन आली. ती गल्लीतच उभी राहिली, मला दाणीतूनच दिसली. तिला काय बोलायचंय ते तिच्या चेहऱ्यावर होतं, पण ती एवढंच म्हणाली, "पाणी पीत जा. अन् पोरीची काळजी करू नको, मी हावो ना." मुलगी पिशवी घेऊन निघाली. तिने माझ्यासाठी पेज करून ठेवली होती. ऑटोचा आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी ऐकत राहिलो.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये डेंग्यूच निघाला. जुन्या खात्यातले दोघे येऊन घरात आणि गल्लीत धूर मारून गेले, गल्लीतले कूलर उपडे करून गेले. माझ्या घरात धूर मारायची वेळ आली, त्यावर दोघांपैकी कोणी थट्टा केली नाही, यावरूनच माझी अवस्था समजावी. शेजारीण डबा आणायची आणि दाणीखालून आत सरकवायची. मी दिवसभर त्या जाळीत पडून असायचो, आणि त्या उकाड्यात मला कळलं की पोरगी त्या दुपारी बाहेर का आली. मी तिला कैदी हो म्हणालो होतो आणि स्वतः एकदाही आत झोपून पाहिलं नव्हतं.

फोन सकाळ-संध्याकाळ यायचा. ती आकडा सांगायची, बाकी काही नाही. मी कॅलेंडरपर्यंत जाऊन लिहायचो. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. आठव्या दिवशी संध्याकाळी फोन आला नाही. मी लावला तर लागेना. मला उभं राहवत नव्हतं, तरी शर्ट घातला. दाणीच्या बाहेर एक पाय टाकला आणि थांबलो. मी तिच्या दाराशी जाणार, म्हणजे काय घेऊन जाणार? पाय आत घेतला आणि तसाच शर्ट घालून बसलो. पाऊण तासाने बहिणीचा फोन आला, चार्जिंग संपलं होतं. "नव्याण्णवच्या खाली आहे," ती म्हणाली, "रडतं काय असा?" मी रडत होतो.

दहावा दिवस गेला. माझा ताप उतरून अंगावर लाल पुरळ आलं होतं. चौदाव्या दिवशी सकाळी मुलीने आकडा सांगितला आणि फोन ठेवला नाही.

"बाबा, आज चौदावी चौकट भरली ना? पुढे नका लिहू आता."

बाळ महिन्याभराने झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी बहिणीच्या घरी गेलो तो आंघोळ करून, धुतलेले मोजे घालून. मुलीने बाळ माझ्या हातात दिलं. त्याचं डोकं माझ्या गळ्याशी आलं आणि एवढासा गरम श्वास मानेवर लागला. मी पहिल्यांदा काय केलं असेल तर खिडकीची जाळी बघितली.

बहीण म्हणते, नशीब होतं पोरीचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विषाणू असलेले डास थोडेच असतात, बाकीचे नुसते चावून जातात. दोघींचंही बरोबर असेल. पण त्या चटईपाशी निदान सात डास होते आणि बसायला दोन माणसांचे पाय होते, आणि त्यांतल्या एकाचे पाय असे होते की ज्यांच्याशेजारी बसलं तर दुसऱ्याची ड्यूटी हलकी व्हायची. तो विषाणूचा एक डास आधी तिच्या पायावर भुकेलाच टेकला असेल, माझा वास आल्यावर तिला सोडून माझ्याकडे आला असेल. ह्याला पुरावा नाही. पुराव्याशिवाय मी आजवर रजिस्टरमध्ये एक आकडा लिहिलेला नाही. कॅलेंडरवर पाचव्या दिवसाच्या चौकटीत तिच्या आकड्याखाली माझा एकशे तीन लिहिला आहे, आणि त्याच्यापुढे मी एवढंच लिहून ठेवलंय, माझ्याकडे आला.